टक्केवारी आडवी की उभी: आधी बायका कशा निवडल्या ते बघा

«बचत गटातल्या ६० आणि गटाबाहेरच्या ६० बायकांना विचारलं, घरात आजारपण आलं तर पैसा मुख्यतः कुठून उभा करता. कॉम्प्युटर नाही, सारणी हातानंच करते आहे. टक्केवारी आडवी काढू की उभी? सर म्हणतात खाली १०० आले पाहिजेत.»

ताई, शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. "खाली १०० आले पाहिजेत" हे मी बारा वर्षांपूर्वी ऐकलं आणि मान्य केलं. त्यापायी अख्खा अहवाल परत लिहावा लागला, आणि एका गावात तोंड दाखवायची लाज वाटली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात कर्जाचा सर्व्हे होता. प्रश्न तुमच्यासारखाच: यंदाचं मुख्य कर्ज कुठून? सोसायटी-बँक, सावकार, की कर्जच नाही. कोरडवाहू ९० घरं मिळाली, ओलीतवाली ४०. ओलीतवाली कमी मिळाली याला कारण होतं. दिवस गहू-चण्याच्या पाण्याचे, लाइन रात्रीची. माणूस रात्रभर शेतात आणि दिवसा झोपलेला, त्याला उठवून फॉर्म कोण भरणार? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

मोजणी अशी आली. कोरडवाहू ९० पैकी सोसायटी-बँक ३६, सावकार ३६, कर्ज नाही १८. ओलीत ४० पैकी २०, १२ आणि ८. म्हणजे सावकाराकडची घरं एकूण ४८.

आमच्या सारणीत कोरडवाहू-ओलीत आडव्या ओळींत होते आणि कर्जाचे प्रकार उभ्या रकान्यांत. ज्या कार्यालयाला अहवाल द्यायचा होता त्यांचा छापील नमुना होता आणि त्यात बेरजेची ओळ फक्त खाली. मी तिथल्या साहेबांना विचारलं की आडवी बेरीज धरली तर चालेल का. नमुन्यात नाही, असं उत्तर मिळालं. टक्का कशाचा काढायचा हे तिथं कोणालाच सांगता आलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. सावकाराच्या रकान्यात ३६ भागिले ४८ करून ७५ लिहिले, १२ भागिले ४८ करून २५, खाली १००. नमुना भरला.

इथवर हिशेब चुकला नव्हता. चूक झाली वाक्यात. रात्री अहवाल लिहिताना मी लिहिलं, "कोरडवाहू शेतकऱ्यांपैकी ७५ टक्के सावकाराकडून कर्ज घेतात." खरं तर सावकाराकडं गेलेल्यांपैकी ७५ टक्के कोरडवाहू होते. कोरडवाहूंपैकी सावकाराकडं गेले ते ३६ भागिले ९०, म्हणजे ४० टक्के. शब्द जवळपास तेच, फक्त "पैकी" कोणाला लागतो ते बदललं, आणि ४० चे ७५ झाले.

गावात वाचून दाखवलं तेव्हा मागून एक म्हातारबा उठले. "चार घरातल्या तीन घरायनं सावकाराचा पैसा घेतला म्हन्ता? मंग माह्या आळीतली घरं मोजून दाखवा बरं." त्यांच्या आळीत कोरडवाहू घरं दहा, सावकाराकडं गेलेली चार. तिथंच बोटावर मोजली त्यांनी. त्या दिवसानंतर लोक फॉर्म भरायला तयार होईनात, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. कर्जाची गोष्ट माणूस विश्वासानं सांगतो.

आता ओलीतवाल्यांच्या झोपेकडं येतो, कारण तुमचा प्रश्न तिथंच सुटतो. समजा मी चिकाटीनं दोन्हीकडची साठ-साठ घरं घेतली असती आणि लोकांचं वागणं तेच असतं. कोरडवाहूतले ४० टक्के म्हणजे २४ घरं सावकाराकडं, ओलीतातले ३० टक्के म्हणजे १८. एकूण ४२. आता उभी टक्केवारी काढा: २४ भागिले ४२, म्हणजे ५७. गाव तेच, माणसं तीच, आणि ७५ चे ५७ झाले, फक्त मी किती दारं ठोठावली त्यावरून. आडवी मात्र जागची हलली नाही, ४० आणि ३० च राहिली.

तुमच्या ६० आणि ६० तुम्ही स्वतः ठरवल्या आहेत. गावात बचत गटातल्या बायका निम्म्या आहेत असं त्यातून निघत नाही. म्हणून "सावकाराकडं जाणाऱ्यांपैकी इतक्या टक्के गटातल्या" हे वाक्य तुमच्या फॉर्मांतून लिहिताच येत नाही. टक्का काढायचा तो गटातल्या ६० वर एकदा आणि गटाबाहेरच्या ६० वर एकदा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. गट ओळीत लिहिले असतील तर टक्केवारी आडवी, रकान्यात लिहिले असतील तर उभी. सरांना खाली १०० हवेच असतील तर कागद फिरवा: गट वर रकान्यांत घ्या, उत्तरं डाव्या बाजूला. सरांचेही खाली १०० येतील आणि तुमचंही बरोबर राहील. मला तेव्हा एवढं सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

यादीतून चिठ्ठ्या टाकून सगळ्या गावातून घरं निवडली असती तर उभ्या टक्क्यालाही अर्थ आला असता. तरी तेव्हाही ७५ एकटा वाचू नये. माझ्या १३० घरांत कोरडवाहूच ९० होते, म्हणजे ६९ टक्के. सावकाराच्या रकान्यात ते ७५ निघाले तर फरक ६९ आणि ७५ मधला, तेवढाच.

मोजणीबद्दल माझं मत पक्कं आहे, इतरांचं वेगळं असू शकतं. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत बसू नका. एक रेघ चुकली तर कोणत्या फॉर्मची ते कधीच सापडत नाही. फॉर्मच वाटा. आधी गटातल्या आणि बाहेरच्या असे दोन गठ्ठे, मग प्रत्येकाचे उत्तराप्रमाणं ढीग. ढीग मोजा, वर चिठ्ठीवर आकडा लिहा, रबर लावा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. बेरीज ६० आली नाही तर हरवलेला फॉर्म त्या ढिगांतच कुठं तरी असतो. पंखा बंद ठेवा, नाही तर प्रत्येक ढिगावर दगड ठेवा.

उत्तर न दिलेल्यांचा वेगळा ढीग करा. ६० पैकी ४ कोरे असतील तर टक्का ५६ वर काढा आणि ५६ हा आकडा सारणीत टक्क्याच्या खालीच लिहा. दशांश देऊ नका. ६० बायकांत एक बाई इकडची तिकडं झाली तरी दीड टक्क्याच्या वर फरक पडतो, तिथं ३१.६७ लिहून काय उपयोग.

मी संख्याशास्त्र शिकलेलो नाही, फरक योगायोगानं आला की खरा हे तपासायची रीत कॉलेजात कोणाला तरी विचारा. आणि "गावात एकूण किती जणी सावकाराकडं जातात" हा आकडा १२० फॉर्मांची सरळ बेरीज करून देऊ नका. त्यासाठी गावात गटातल्या बायका खरोखर किती ते लागतं. समजा गटातल्या १०० आणि बाहेरच्या ३०० निघाल्या, तर गटाचा टक्का १०० ला लावा, बाहेरचा ३०० ला, मग बेरीज करून ४०० नं भागा. गटांतल्या बायकांचा आकडा तुमच्या गावच्या गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंच्या वहीत मिळेल. त्यांच्याकडं सकाळी लवकर जा, कापूस वेचायला निघायच्या आत.