बारा महिन्यांच्या शीटमधल्या एकाच सेलची बेरीज कशी करायची?

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. एप्रिल ते मार्च अशा बारा शीट आहेत, सगळ्या एकाच साच्यातल्या. सभासदाचं वर्षाचं दूध काढायला `=एप्रिल!C9+मे!C9+जून!C9...` असं बारा वेळा लिहावं लागतं. याला काही सोपा मार्ग आहे का? आणि त्यावर दिवाळीचा बोनस काढला तर चालेल का?

उत्तर:

मार्ग आहे, आणि तो एका ओळीचा आहे. वर्षाच्या शीटवर हे लिहा:

```
=SUM('एप्रिल:मार्च'!C9)
```

एप्रिलच्या टॅबपासून मार्चच्या टॅबपर्यंत जेवढ्या शीट आहेत, त्या प्रत्येकीतला C9 घेऊन बेरीज कर, असा याचा अर्थ. टाइप करायचा कंटाळा असेल तर `=SUM(` लिहा, एप्रिलच्या टॅबवर क्लिक करा, शिफ्ट दाबून धरून मार्चच्या टॅबवर क्लिक करा, मग C9 वर क्लिक करून एंटर मारा. हा फॉर्म्युला खाली ओढला की C10, C11 असा पुढच्या सभासदांसाठी आपोआप तयार होतो. ऑडिटच्या वेळी टॅबची नावं कन्नडमध्ये करावी लागली तरी चिंता नाही, नाव बदललं की फॉर्म्युल्यातलं नावही बदलतं.

पण तुम्ही बोनसचं विचारलंत, म्हणून इथे थांबता येत नाही. बेळगावात बसून मी आसपासच्या तालुक्यांतल्या सोसायट्यांचे हिशेब बघते. या फॉर्म्युल्याने आलेल्या आकड्यावर पैसे वाटायचे असतील तर तो काय बघतो आणि काय बघत नाही, हे नीट माहीत हवं. तो महिन्याचं नाव वाचत नाही आणि सभासदाचं नावही वाचत नाही. तो फक्त दोन जागा बघतो: खालच्या पट्टीत टॅब कुठे आहे, आणि शीटमध्ये सेल कुठे आहे.

आधी टॅबचं बघू. एप्रिल आणि मार्च या दोन टॅबच्या मधे जे काही असेल ते सगळं बेरजेत येतं, लपवून ठेवलेली शीटसुद्धा. कुणी ऑगस्टची शीट जपून ठेवायला म्हणून तिची कॉपी केली आणि ती 'ऑगस्ट (2)' नावाने तिथेच राहिली, तर ऑगस्टचं दूध दोनदा धरलं जातं. उलट जुलैचा टॅब चुकून ओढला जाऊन मार्चच्या पलीकडे गेला, तर जुलै बेरजेतून गळतो. दोन्ही वेळा एक्सेल काहीही बोलत नाही. आणि वर्षाच्या बेरजेची शीटच मधे सरकली तर फॉर्म्युला स्वतःलाच मोजायला जातो, तेव्हा मात्र सर्क्युलर रेफरन्सची सूचना येते.

यासाठी मी प्रत्येक फाइलमध्ये दोन कोऱ्या शीट घालते. एप्रिलच्या आधी 'सुरुवात', मार्चच्या नंतर 'शेवट', आणि दोन्ही टॅबना गडद रंग. त्यांच्यात एकही आकडा लिहायचा नाही. वर्षाची शीट 'सुरुवात'च्याही डावीकडे ठेवायची. मग फॉर्म्युला असा होतो:

```
=SUM('सुरुवात:शेवट'!C9)
```

याचा फायदा असा की एप्रिल किंवा मार्चची शीट काढून नवी टाकली तरी टोकं हलत नाहीत. आत किती शीट आहेत हे मोजायला एक वेगळा फॉर्म्युला आहे, एक्सेल 2013 पासून पुढे तो चालतो:

```
=SHEETS('सुरुवात:शेवट'!A1)
```

उत्तर 14 यायला हवं, बारा महिने आणि दोन टोकं. 15 आलं तर कुठेतरी कॉपी पडली आहे, 13 आलं तर एखादा महिना बाहेर गेला आहे. हा आकडा वर्षाच्या शीटवर अगदी वर, डोळ्यासमोर ठेवा.

आता सेलच्या जागेचं. खरा घोटाळा इथे होतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण बघू.

समजा तुमचे 40 सभासद आहेत. A कॉलममध्ये सभासद क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये महिन्याचे लिटर. क्रमांक 1 पाचव्या ओळीत, म्हणजे क्रमांक 5 नवव्या ओळीत आणि क्रमांक 40 ओळ 44 मध्ये. ऑगस्टमध्ये एक नवा सभासद आला, क्रमांक 41. त्याचं घर क्रमांक 5 च्या शेजारी आहे, म्हणून लिहिणाऱ्याने फक्त ऑगस्टच्या शीटमध्ये नवव्या ओळीवर एक ओळ घातली आणि तिथे त्याला बसवलं. पुढच्या महिन्यांत त्याला सरळ शेवटी, ओळ 45 मध्ये लिहिलं. वर्षाच्या शीटवरही तो 45 मध्येच आहे.

ऑगस्टमध्ये क्रमांक 5 चं दूध 310 लिटर होतं आणि नव्या सभासदाचं 95. ओळ घातल्यामुळे ऑगस्टच्या शीटवर क्रमांक 5 दहाव्या ओळीत गेला. वर्षाच्या शीटवरचा फॉर्म्युला मात्र C9 च वाचत राहतो. साधा `ऑगस्ट!C9` असा एकट्या सेलचा संदर्भ असता तर ओळ घातल्यावर तो आपोआप C10 झाला असता. अनेक शीटांवरचा हा संदर्भ एका शीटमध्ये ओळ घातली म्हणून सरकत नाही. तेव्हा क्रमांक 5 च्या वर्षाच्या बेरजेत 310 च्या जागी 95 धरले जातात, 215 लिटर कमी. क्रमांक 6 च्या खात्यात त्याच्या स्वतःच्या ऐवजी क्रमांक 5 चे 310 जातात. असं करत करत ओळ 45 मध्ये, नव्या सभासदाच्या नावावर, क्रमांक 40 चं ऑगस्टचं दूध जमा होतं.

आणि एकूण बेरीज? ती तंतोतंत जुळते. सगळे लिटर कुणा ना कुणाच्या खात्यात गेलेच आहेत. ऑगस्टच्या रजिस्टरशी ताळा करा, संघाकडून आलेल्या बिलाशी करा, फरक एका लिटरचाही दिसणार नाही. पण बोनस 37 जणांचा चुकीचा लागेल, आणि दिवाळीच्या तोंडावर लोक दारात येतील. एखाद्या महिन्याची यादी लिटरप्रमाणे सॉर्ट केली तरी हेच होतं.

म्हणून ताळा बेरजेचा नको, सभासद क्रमांकाचा हवा. MAX आणि MIN हेही अनेक शीटांवर असेच चालतात. नवव्या ओळीत बाराही महिने क्रमांक 5 च असेल तर सगळ्या A9 मधला सर्वांत मोठा आकडा 5 आणि सर्वांत लहानही 5 च येणार. वर्षाच्या शीटवर शेजारच्या कॉलममध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(AND(MIN('सुरुवात:शेवट'!A9)=A9,
MAX('सुरुवात:शेवट'!A9)=A9),"","तपासा")
```

वरच्या उदाहरणात नवव्या ओळीत MAX 41 येतो, दहाव्यात MIN 5 येतो, आणि ओळ 9 पासून 45 पर्यंत सगळीकडे 'तपासा' दिसतं. गडबड नेहमी पहिल्या 'तपासा'च्या ओळीपाशी असते. कोणत्या महिन्यात आहे ते शोधायला सगळे टॅब शिफ्ट धरून एकत्र निवडा, A9 वर एकदा क्लिक करा, निवड सोडा. आता कंट्रोल आणि पेजडाउन दाबत गेलात की प्रत्येक शीटवर कर्सर A9 वरच असेल आणि चुकीची शीट लगेच नजरेत येईल.

नवा सभासद घ्यायची बरोबर पद्धतही हीच. एप्रिल ते मार्च सगळे टॅब एकत्र निवडा आणि यादीच्या शेवटी, ओळ 45 मध्ये, क्रमांक व नाव एकदाच लिहा, बाराही शीटमध्ये उमटतं. मग टॅबवर राइट क्लिक करून Ungroup Sheets नक्की करा. खिडकीच्या वरच्या पट्टीत Group असं दिसत असताना लिटर लिहायला लागलात तर ऑगस्टचं दूध बाराही महिन्यांवर चढेल.

महिन्याची एकूण बेरीज यादीखाली न ठेवता वर, C2 मध्ये `=SUM(C5:C204)` अशी ठेवा. खाली ठेवली की सभासद वाढल्यावर ती जागा सोडते, आणि वर्षाचा फॉर्म्युला एकूण बेरजेच्या जागी शेवटच्या सभासदाचं दूध उचलतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कुणी सेलमध्ये `310 लि.` असं लिहिलं तर तो मजकूर होतो आणि SUM त्याला गुपचूप वगळतो. तुमच्या जुन्या अधिकच्या चिन्हांच्या पद्धतीत निदान `#VALUE!` तरी आलं असतं. म्हणून म्हैस आटली असेल त्या महिन्यातही सेल रिकामा न ठेवता 0 लिहा, आणि शेजारी हे ठेवा:

```
=COUNT('सुरुवात:शेवट'!C9)
```

वर्ष संपल्यावर जुन्या प्रत्येक सभासदापुढे 12 आलं पाहिजे. मधेच आलेल्याचे आधीचे महिनेही 0 ने भरले तर त्यालाही तोच नियम लागू पडतो.

बोनस एप्रिल ते सप्टेंबरच्या दुधावर देत असाल तर वेगळ्या कॉलममध्ये `=SUM('एप्रिल:सप्टेंबर'!C9)` लिहा. त्यासाठी 'शेवट'चा टॅब इकडेतिकडे हलवू नका, वर्षाचे सगळे आकडे त्याबरोबर बदलतील.

लिटरमागे मिळालेल्या भावाची वर्षाची सरासरी मात्र या पद्धतीने AVERAGE लावून काढू नका. 310 लिटरचा महिना आणि 40 लिटरचा महिना त्यात सारखेच मोजले जातात. वर्षाच्या रकमेची बेरीज आणि वर्षाच्या लिटरची बेरीज वेगवेगळी काढा आणि भागाकार करा.

अट घालून बेरीज हवी असेल, म्हणजे फक्त गाईचं दूध किंवा फक्त एका गल्लीचे सभासद, तर SUMIF या संदर्भावर चालत नाही, `#VALUE!` देतो. तशी अट प्रत्येक महिन्याच्या शीटवरच एका ठरलेल्या वरच्या सेलमध्ये सोडवा, उदाहरणार्थ C3 मध्ये गाईच्या दुधाची बेरीज, आणि वर्षाच्या शीटवर C3 ची बेरीज घ्या.

सोसायटीच्या कॉम्प्युटरवर एक्सेलऐवजी लिबरऑफिस असेल तर लिहिण्याची रीत थोडी वेगळी आहे:

```
=SUM($'सुरुवात'.C9:$'शेवट'.C9)
```

गूगल शीट्समध्ये हा संदर्भ मुळात चालतच नाही. तिथे तुमची अधिकच्या चिन्हांचीच पद्धत ठेवावी लागेल, म्हणून फाइल मोबाइलवरून तिकडे उघडून आकडे भरत असाल तर बोनसची यादी काढायचं काम एक्सेलमध्येच करा.