चिठ्ठीतलं खरं वाक्य तुम्ही मला लिहिलंत, तिला नाही

*ताई, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. माझ्या वर्गातल्या मुक्ताचा दादा, ओम, आमच्याच शाळेत सातवीत होता (दोघांची नावं बदलली आहेत). डेंग्यूचं निमित्त झालं आणि पोरगं गेलं. रोज शाळा सुटली की काखेत फुटबॉल घेऊन आमच्या वर्गाच्या दाराशी उभा असायचा आणि मुक्ताचं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायचा. तेरावा झालाय, सोमवारी मुक्ता शाळेत येणार. तिला चार ओळी लिहिल्यात: "प्रिय मुक्ता, तुझा दादा देवाला फार आवडला, म्हणून देवानं त्याला जवळ बोलावून घेतलं. तू रडलीस तर त्याला वाईट वाटेल. आता आईबाबांचा आधार तूच आहेस. शहाण्या मुलीसारखी रहा." हे देऊ का? मनाला पटत नाही, पण काय खटकतंय ते कळत नाही.*
*– एक शिक्षिका, कोल्हापूर*

बाई, ही चिठ्ठी देऊ नका. दुसरी लिहा, आणि ती लिहायला लागणारं जवळजवळ सगळं तुमच्याकडे आहे. काखेतला फुटबॉल, वर्गाचं दार, खांद्यावर घेतलेलं दप्तर, हे सगळं तुम्ही मला लिहिलंत. मुक्ताच्या चिठ्ठीत त्यातलं काहीच नाही. तिथे ओमचं साधं नावसुद्धा नाही. ती चिठ्ठी कुणाच्याही भावाबद्दल असू शकेल, आणि तुम्हाला खटकतंय ते बहुतेक हेच.

आता एकेक ओळ बघू. 'देवाला आवडला' हे मोठ्यांचं बोलणं. मयताला आलेल्या बायका ते बोलतात, आणि मोठ्या माणसाला त्यातून खरंच थोडा आधार मिळतो. आठ वर्षांचं मूल मात्र शब्द जसाच्या तसा घेतं. या वयाच्या बहुतेक मुलांना मेलेलं माणूस परत येत नाही एवढं कळलेलं असतं. घोटाळा होतो तो कारणाचा. कारण नीट सांगितलं नाही की मूल स्वतःच जुळवून घेतं. चांगल्या मुलाला देव नेतो, तर मग मला कधी नेणार? आणि मी चांगली वागलेच नाही तर? अशी मुलं रात्री दिवा मालवू देत नाहीत, आईला क्षणभर नजरेआड होऊ देत नाहीत, आणि घरच्यांना त्याचं कारण उमगत नाही. घरी ते देवाघरचंच सांगत असतील तर तुम्ही खोडू नका, तो त्यांचा विश्वास आहे. फक्त तुमच्या अक्षरात ते नको. बोललेलं विरून जातं, पण चिठ्ठी दप्तरात राहते आणि पुन्हा पुन्हा वाचली जाते.

'तू रडलीस तर त्याला वाईट वाटेल' यानं रडणं थांबत नाही, लपतं. मूल मग शाळेच्या बाथरूममध्ये रडतं. आणि 'आईबाबांचा आधार तूच' ही ओळ मला सगळ्यांत जास्त टोचली. तिचा भाऊ गेला, आणि आईबाबा दुःखात बुडालेले म्हणून तेही सध्या तिच्या वाट्याला अर्धेमुर्धेच येत असणार. या तेरा दिवसांत दारात आलेल्या प्रत्येकानं विचारलं असेल, "आई जेवली का गं?" मुक्ता जेवली का, हे फार थोड्यांनी विचारलं असेल. त्यात तुम्ही तिच्यावर आधार व्हायचं काम टाकलंत, तर ती ते खरंच करेल. आईसमोर रडणार नाही, हट्ट करणार नाही, आणि सगळे म्हणतील, पोर किती समजूतदार झाली.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, जी सहसा कुणी लिहीत नाही. भावंडं भांडतात. रिमोटवरून, सायकलवरून, खिडकीच्या जागेवरून. रागात 'मर जा' निघून गेलेलं असतं, किंवा 'हा नसता तर बरं झालं असतं' असं नुसतं मनात येऊन गेलेलं असतं. आणि मग भाऊ खरोखरच मरतो. आपल्या बोलण्यानं हे झालं अशी गाठ या वयात पटकन बसते, आणि मूल ती कुणालाही सांगत नाही. विचारलं तर 'नाही' म्हणतं. म्हणून विचारत बसू नका, सरळ लिहून टाका. डेंग्यू डास चावल्यामुळे होतो, भांडल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं किंवा शेजारी झोपल्यानंही होत नाही. हे शेवटचं तिच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. दादाच्या अंथरुणाशेजारी ती झोपत असेल, तर आता आपलीही पाळी, ही भीती मनात असू शकते.

पण त्याआधी मुक्ताच्या आईला किंवा घरात सध्या कारभार बघणारी आत्या-मावशी असेल तिला फोन करा आणि एकच विचारा, दादाला काय झालं होतं हे तिला काय सांगितलंय? त्यांनी डेंग्यू सांगितला असेल तरच तो शब्द लिहा. सांगितला नसेल तर आधी त्यांना सांगू द्या. घरी एक आणि बाईंच्या चिठ्ठीत दुसरंच, असं झालं तर ती दोघांवरही विश्वास ठेवणार नाही.

मी असं लिहीन:

"प्रिय मुक्ता,
तुझा ओमदादा वारला, हे मला कळलं. मला फार वाईट वाटलं.
शाळा सुटली की तो आपल्या वर्गाच्या दाराशी यायचा. काखेत फुटबॉल असायचा. तुझं दप्तर तो आपल्या खांद्यावर घ्यायचा. मला ते नेहमी आठवेल.
दादाला डेंग्यू झाला होता. डेंग्यू डास चावल्यामुळे होतो. कुणी भांडल्यामुळे किंवा रागावल्यामुळे होत नाही. एका ताटात जेवल्यामुळे किंवा शेजारी झोपल्यामुळेही होत नाही. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.
रडू आलं तर रड. खेळावंसं वाटलं तर खेळ. दोन्ही चालतं.
सोमवारी तुझी जागा तीच आहे. वर्गात बसवेनासं झालं तर माझ्याजवळ ये, काही बोलू नकोस. आपण दोघी बाहेर पायरीवर बसू. शाळा सुटल्यावर आत्या येईपर्यंत मी तुझ्याबरोबर थांबेन.
तुझ्या बाई"

'गेला' न लिहिता 'वारला' लिहिलंय, कारण गेलेला माणूस परत येऊ शकतो. वाक्यं आखूड ठेवलीत आणि जोडाक्षरं कमीत कमी, म्हणजे तिसरीतल्या मुलीला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल. फळ्यावर लिहिता तसं मोठं, सुटं अक्षर काढा. 'मला उत्तर लिही' असं कुठेही नाही, ते मुद्दाम. आणि 'काही लागलं तर सांग' हेही नाही. मूल सांगायला येत नाही, काय लागतंय ते त्याला माहीतच नसतं. त्यापेक्षा पायरी सांगा, वेळ सांगा.

शेवटची ओळ तुमच्या पत्रामुळेच सुचली. सोमवारी सकाळची प्रार्थना आणि हजेरी मुक्ता निभावून नेईल. तिला जड जाणार ती शाळा सुटल्याची घंटा. बाकीच्यांची दप्तरं भरून होतील, तिची नजर दाराकडे जाईल आणि दारात कुणी नसेल. म्हणून त्या वेळी तिला कोण घ्यायला येणार हे घरच्यांकडून आधी नक्की करून घ्या आणि चिठ्ठीत त्याच माणसाचं नाव घाला. मी आत्या धरलीय, दुसरं कुणी असेल तर ते. ओमच्या वर्गातली मुलं प्रेमापोटी तिचं दप्तर धरायला धावतील. पहिल्या आठवड्यात त्यांना प्रेमानं थांबवा. तिनं स्वतःहून दिलं तर गोष्ट वेगळी.

चिठ्ठी सोमवारी वर्गात देऊ नका. रविवारी घरी जा. आधी आईला वाचायला द्या, मग घडी घालून मुक्ताच्या हातात द्या. या सगळ्या दिवसांत तिच्या नावानं घरात आलेली ती पहिलीच गोष्ट असेल. ती कदाचित न वाचताच दप्तरात टाकेल आणि विचारेल, "बाई, गणिताची वही आणायची का?" तिला दुःख नाही असा अर्थ काढू नका. मुलांना मोठ्यांसारखं सलग दुःख पेलवत नाही. ती घटकाभर रडतात, मग लंगडी खेळतात, आणि जेवताना पुन्हा रडतात. आईला हे सांगून ठेवा, नाहीतर पोर हसताना दिसली की आईच्या काळजाला लागतं.

शनिवारी वर्गातल्या मुलांशीही बोलून घ्या. मुक्ताचा दादा डेंग्यूनं वारला, ती सोमवारी येईल, तिला डब्यात आणि खेळात घ्या, आणि 'कसा मेला' असं विचारू नका. एवढं पुरे. तरी एखादा विचारेलच, तेव्हा तुम्ही जवळ असा. शाळेच्या परिपाठात श्रद्धांजली ठेवायची असेल तर ती मुक्ता येण्याआधी उरकायला सांगा, किंवा घरच्यांना विचारून तिला यायचंय का ते ठरवा. तिला समोर उभं करू नका.

पुढे दिवाळी आहे. भाऊबीज येईल, आणि हौसेनं कुणीतरी वर्गातल्या मुलांना पुढे करेल, "हे बघ, हे सगळे तुझे भाऊ." तसं होऊ देऊ नका. ओमची जागा भरायची नाहीये. त्यापेक्षा सुट्टी लागण्याच्या दिवशी तिला दुसरी चिठ्ठी द्या, दोनच ओळींची: "मुक्ता, भाऊबीजेला तुला ओमदादाची आठवण येईल. मलाही येईल." पहिल्या चिठ्ठीपेक्षा ही जास्त कामी येते, कारण तोवर बाकीच्यांचं येणंजाणं थांबलेलं असतं. 'माझा भाऊ' निबंध असेल तेव्हा विषय बदलून देऊ नका. दुसरा पर्याय सगळ्या वर्गालाच द्या आणि तिला निवडू द्या. तिनं ओमवर लिहिलं, तर बाकी वह्यांसारखीच ती तपासा. कुणी 'भावंडं किती' विचारलं आणि ती म्हणाली, "मला एक दादा आहे," तर दुरुस्त करू नका.

काही दिवस पोटात दुखणं, अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं हे चालायचंच. पण आठवडे उलटले तरी जेवणझोप ताळ्यावर येत नसेल, मैत्रिणींशी बोलणंच बंद असेल, तर आईबाबांना सांगून मुलांच्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्यायला लावा. आणि 'मला दादाकडे जायचंय' असं ती म्हणाली तर आठवडे थांबू नका. तिथेच बसून शांतपणे विचारा, "म्हणजे काय करायचंय गं?" बऱ्याचदा त्याचा अर्थ आठवण येते एवढाच असतो. तरीही त्याच दिवशी घरी सांगा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर एका कागदावर लिहून रविवारी आईच्या हातात द्या, कारण त्या घरात मुक्ताइतकंच तिलाही बोलायला कुणी हवं असेल.

– ताई