पियाजे-वायगॉट्स्कीचा तक्ता पाठ आहे, तरी गुण जातात

प्रश्न: "टीईटीचा दुसरा प्रयत्न आहे. बालमानसशास्त्राचा तुलनात्मक तक्ता तोंडपाठ आहे, पण सराव पेपरात ३० पैकी १६-१७ च्या पुढे जात नाही. तक्ता कसा करावा?"

ताई, पहिल्या खेपेला माझं असंच झालं होतं. एकूण ८८ गुण, खुल्या प्रवर्गाला हवे होते ९०. दोन गुणांनी गेलं ते अजून सलतं.

माझी चूक अशी, की क्लासने दिलेली झेरॉक्स डोळे झाकून पाठ केली. तिच्यात पूर्वक्रियात्मक अवस्थेपुढे 'अक्षय्यता' एवढाच शब्द होता. मी समजले, त्या वयात ती येते. खरं तर २ ते ७ वर्षांच्या मुलाला ती नसते. बुटक्या पेल्यातलं पाणी त्याच्यासमोर उंच पेल्यात ओतलं, तरी ते 'जास्त झालं' म्हणतं, कारण त्याची नजर फक्त उंचीवर खिळते. ती समज येते मूर्त क्रियात्मक अवस्थेत, साधारण सातनंतर. क्लासवाल्यांना चूक दाखवायला गेले, तर "सगळे हेच वाचून पास होतात" म्हणाले. फी मात्र पूर्ण घेतली होती!

म्हणून रकाने नाव-वय-अवस्था असे पाडू नका. एक मूल घ्या आणि दोघं त्याच्याकडे कसे बघतात ते लिहा. समजा पाच वर्षांची मुलगी चित्रकोडं जुळवताना पुटपुटते, "हा इथे... नाही, तो निळा." पियाजेला हे आत्मकेंद्रित भाषण वाटतं: दुसऱ्याच्या बाजूने बघणं अजून जमत नाही, मोठी होईल तसं ते कमी होईल. वायगॉट्स्कीच्या मते ती स्वतःलाच सूचना देतेय. म्हणूनच कोडं अवघड झालं की पुटपुटणं वाढतं, आणि पुढे तेच मनातल्या मनातलं बोलणं होतं. पर्यायांत 'अपरिपक्वता' आणि 'स्वयंनियमन' दोन्ही असतात, तेव्हा प्रश्नात 'कोणाच्या मते' आहे ते आधी बघा. माझे निम्मे गुण इथेच सांडले होते.

याच उदाहरणाला दुसरा रकाना जोडा: शिकणं आधी की विकास आधी? पियाजेकडे विकास पुढे, शिकणं त्याच्या मागून. वायगॉट्स्कीकडे उलट. मुलीला एकटीला न जमणारं कोडं आईने "आधी कडेचे तुकडे शोध" म्हटल्यावर जमलं, तर ते तिच्या निकट विकास क्षेत्रातलं. आईची ती मदत म्हणजे आधार देणं, स्कॅफोल्डिंग. नोट्समध्ये हा शब्द वायगॉट्स्कीच्या नावावर असतो, पण तो वुड, ब्रुनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रूढ झाला. वायगॉट्स्की १९३४ मध्येच वारले. तरी पर्यायांत ब्रुनर नसेल तर निमूटपणे वायगॉट्स्की निवडा, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत.

स्किनर, कोहलबर्ग वेगळ्या कागदावर घ्या, एकाच तक्त्यात कोंबू नका. हे माझं मत हं, मी काही तज्ज्ञ नाही.