‘रुद्धोष्म’ म्हणजे उष्णता अडवलेली, तरी वायू तापतो कसा?

प्रश्न: ‘रुद्धोष्म’ म्हणजे उष्णता अडवलेली, मग त्या संपीडनात वायू तापतो कसा? आणि ‘समतापी’त तर उष्णता बाहेर जाते, तरी तापमान तेच? की शब्दच चुकीचे आहेत?

शब्द बरोबर आहेत, घोळ आपल्या ‘तापणे’ या क्रियापदात आहे. बोलताना आपण ‘तापला’ म्हटलं की कुठून तरी उष्णता मिळाली असं गृहीत धरतो. ‘रुद्धोष्म’मधला ‘ऊष्मा’ म्हणजे भिंतीतून आरपार जाणारी उष्णता, आणि ‘समतापी’मधला ‘ताप’ म्हणजे तापमान. एका शब्दात वाट अडवली आहे, दुसऱ्यात आकडा धरून ठेवला आहे. ग्रीकमधून आलेल्या ‘ॲडियाबॅटिक’चा मूळ अर्थही ‘जिथून पार जाता येत नाही असं’ एवढाच. त्यात उष्णतेचं नावसुद्धा नाही. वाट बंद असली तरी दट्ट्या ढकलताना केलेलं कार्य आत जातंच. ते बाहेर पडू शकत नाही, म्हणून आंतरिक ऊर्जा वाढते आणि वायू तापतो.

(‘रुद्धोष्ण’ असंही कधी लिहिलेलं दिसतं, ते टाळावं. ‘उष्ण’ हे विशेषण आहे. इथे अडवली आहे ती ऊष्मा.)

आता आकडे घेऊ. सिलिंडरमध्ये 1 लिटर हवा, दाब 1 बार, तापमान 300 केल्विन, म्हणजे 27 अंश सेल्सिअस. दट्ट्या हळूहळू दाबून घनफळ एक अष्टमांश करायचं. हवा आदर्श वायू मानू, γ = 1.4.

समतापी असेल तर PV स्थिर. दाब 8 बार, तापमान 300 केल्विनच. कार्य P₁V₁ ln 8, म्हणजे 100 × 2.08, सुमारे 208 जूल. हे सगळेच्या सगळे 208 जूल उष्णता होऊन भिंतीतून बाहेर जातात, म्हणूनच तापमान हलत नाही.

रुद्धोष्म असेल तर PV^γ स्थिर. दाब 18.4 बार. तापमान 300 × 8^0.4, म्हणजे 689 केल्विन किंवा 416 अंश सेल्सिअस. कार्य 324 जूल. जास्त का, तर तापलेली हवा प्रत्येक टप्प्यावर दट्ट्याला अधिक जोराने विरोध करते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सूत्रात सेल्सिअस घालणं: 27 × 2.3 करून 62 अंश येतात आणि ते उत्तर खरंही वाटतं!

त्या रुद्धोष्म सिलिंडरचा दट्ट्या तिथेच अडकवून आवरण काढलं, तर दाबमापकाचा काटा 18.4 वरून उतरत उतरत 8 वर येऊन थांबतो. पाहणाऱ्याला गळती वाटेल. पण गळती असती तर काटा 8 वर थांबला नसता. हवा तेवढीच आहे, फक्त थंड झाली.

‘समतापी संपीडनाला कमी कार्य लागतं’ हे वाक्य पाठ असतं, पण त्याला अट जोडायला हवी: शेवटचं घनफळ सारखं असेल तर. शेवटचा दाब सारखा ठेवला तर? रुद्धोष्म हवा 8 बारला पोहोचते तेव्हा तिचं घनफळ 0.226 लिटर असतं, तापमान 543 केल्विन, आणि कार्य साधारण 203 जूल. म्हणजे समतापीपेक्षा किंचित कमीच. कारण दट्ट्याला तेवढं अंतर जावंच लागत नाही. दाबाचं गुणोत्तर साडेनऊच्या आसपास गेलं की पारडं फिरतं.

कॉम्प्रेसरवाला मात्र हे मान्य करणार नाही, आणि त्याचंही बरोबर. त्याची हवा आत ओढली जाते, दाबली जाते आणि त्याच 8 बारला बाहेर ढकलली जाते. गरम हवेचं घनफळ जास्त, म्हणून ती ढकलायलाही जास्त कार्य. पूर्ण आवर्तनाचा हिशेब रुद्धोष्मात 203 च्या γ पट, म्हणजे 284 जूल. समतापीत तो 208 च राहतो. म्हणून दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये मधे इंटरकूलर बसवतात.

वापराबद्दल एक. ‘रुद्धोष्म’ हे विशेषण प्रक्रियेचं. भिंतीला ‘उष्मारोधी’ म्हणावं. आणि ‘रुद्धोष्म म्हणजे जलद’ असं समीकरण करू नये. सायकलचा पंप भरभर मारला तर उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, इतकाच त्या घाईचा अर्थ. उलट दट्ट्यावर एकदम जड वजन टाकलं तर प्रक्रिया रुद्धोष्म असते, पण PV^γ तिला लागू पडत नाही. ते सूत्र रुद्धोष्म आणि शिवाय प्रतिवर्ती अशा संपीडनाचं आहे.