पाच रीडिंग आणि व्हेरियन्स उणे 256

प्रश्न: आर्डुइनो उनोला लोडसेल जोडलाय. शेवटच्या पाच रीडिंगचा (ग्रॅममध्ये) व्हेरियन्स काढायला ‘वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग’ हे सूत्र float मध्ये लिहिलंय. 50 किलोचा कट्टा ठेवला की उत्तर कधी 0 येतं, कधी चक्क −256. व्हेरियन्स ऋण कसा येईल? सूत्र चुकीचं की माझा कोड?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे, आणि बहुतेक तुमचा कोडही त्या सूत्राप्रमाणेच आहे. तरी उत्तर चुकतंय, आणि ते का चुकतंय हे त्या 256 या आकड्यातच लिहिलेलं आहे. मी तो आकडा लातूरला आमच्या घरच्या गोदामात पाहिलाय. सोयाबीनचे कट्टे सारख्या वजनाचे भरता यावेत म्हणून मी असाच एक काटा जुळवला होता. कट्टा ठेवला की तो थोडा डुलतो. डुलणं थांबलं की हिरवा दिवा लागावा, म्हणजे हमालाने आकडा पाहून कट्टा उचलावा, अशी कल्पना होती. थांबलं की नाही हे ठरवायला पाच रीडिंगचा व्हेरियन्स काढायचा, आणि तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आला की दिवा लावायचा.

दिवा मात्र कट्टा डुलत असतानाच लागायचा. उणे 256 हे कुठल्याही मर्यादेपेक्षा कमीच असतं ना! मग मी व्हेरियन्सचं वर्गमूळ घेऊन प्रमाण विचलन तपासायला लागलो, तर उलटंच झालं. ऋण संख्येचं वर्गमूळ nan येतं, आणि nan ची कशाशीही ‘पेक्षा कमी’ अशी तुलना केली की उत्तर ‘नाही’च मिळतं. त्यामुळे कट्टा ठार स्थिर उभा, आणि दिवा काही लागेना. दोन्ही वेळा मी लोडसेलला आणि वायरिंगला दोष देत बसलो, दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

आधी सूत्राचं बघू, म्हणजे त्याच्यावरचा संशय जाईल. सरासरीला m म्हणा. प्रत्येक रीडिंगमधून m वजा करून वर्ग केला की x² − 2mx + m² असे तीन तुकडे पडतात. सगळ्या रीडिंगची सरासरी घेतली तर पहिल्या तुकड्यातून वर्गांची सरासरी मिळते. मधल्या तुकड्यात x च्या जागी m येतो म्हणून −2m², आणि शेवटचा m² आहे तसाच. राहिलं काय, तर वर्गांची सरासरी वजा m². कागदावर यात तसूभर फरक नाही. सोय अशी की रीडिंग साठवून ठेवावी लागत नाहीत. एकूण किती, त्यांची बेरीज आणि त्यांच्या वर्गांची बेरीज, एवढे तीन आकडे पुरतात. कॅल्क्युलेटरच्या काळात हे सूत्र सगळ्यांच्या हातात बसलं ते याचमुळे, आणि लहान आकड्यांना ते आजही उत्तम आहे.

आता माझ्या काट्यावरची ही पाच रीडिंग घ्या, याच क्रमाने: 50005, 50002, 50002, 49999, 49997. बेरीज 250005, सरासरी 50001. सरासरीपासूनचे फरक 4, 1, 1, −2, −4. त्यांच्या वर्गांची बेरीज 38, म्हणून खरा व्हेरियन्स 7.6. (इथे 5 ने भागलंय. नमुन्याचा व्हेरियन्स हवा असेल तर 4 ने भागतात, पण आपल्या अडचणीशी त्याचा संबंध नाही.)

हेच शॉर्टकटने केलं तर वर्गांची सरासरी 2500100008.6 येते आणि सरासरीचा वर्ग 2500100001. वजाबाकी 7.6. वहीत सगळं जुळतं.

उनोच्या पोटात मात्र float ला 32 बिट मिळतात, आणि त्यातले 24 बिट आकड्याच्या नेमकेपणासाठी असतात. आठ बिटांच्या उनोवर double लिहिलं तरी तो float इतकाच असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 24 बिट म्हणजे साधारण सात अंक. आपले वर्ग अडीचशे कोटींच्या घरात आहेत, दहा अंकी. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या भागात float च्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये नेमकं 256 चं अंतर असतं. मधली कुठलीही संख्या तिथे ठेवताच येत नाही, ती जवळच्या टप्प्यावर सरकते. 50001 चा वर्ग 2500100001, पण तो साठतो 2500100096 म्हणून. पाच वर्गांची बेरीज करताना आकडा आणखी वाढतो, तसे टप्पेही 512 आणि 1024 चे होतात. शेवटी वर्गांची सरासरी म्हणून हाती येतं 2500099840. त्यातून 2500100096 वजा केले की −256.

म्हणजे वजाबाकीच्या दोन्ही संख्या 256 च्या पटीत आहेत. मग उत्तर −256, 0, 256, 512 यांपैकीच काहीतरी येणार, 7.6 येऊच शकत नाही. हीच पाच रीडिंग उलट्या क्रमाने दिली तर उत्तर 0 येतं, कारण बेरजेतलं सरकणं वेगळ्या ठिकाणी होतं. व्हेरियन्सला क्रमाशी काय देणंघेणं? क्रम बदलल्यावर उत्तर बदललं, तर चूक मोजमापात नाही, हिशोबात आहे, असं खुशाल समजा.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचा ट्रॅक्टर येतो तेव्हाचं डोळ्यासमोर आणा. समजा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर फेटा असताना एकदा वजन घेतलं, फेटा उतरवून एकदा घेतलं, आणि वजाबाकी करून फेट्याचं वजन काढलं. उत्तर शून्य येईल, दहा येईल, काटा जरा हलला तर उणे दहाही येईल. काट्यात बिघाड नाही. फेटा ट्रॅक्टरसकट तोलायला नको होता. तुमच्या कोडमध्ये पन्नास किलोचा वर्ग हा ट्रॅक्टर आहे आणि 7.6 हा फेटा.

तर ट्रॅक्टर आधीच खाली उतरवायचा. सगळ्या रीडिंगमधून एकच स्थिर आकडा वजा केला तर व्हेरियन्स बदलत नाही, कारण सगळी रीडिंग सारखीच सरकतात. दहावीत आपण सरासरीसाठी गृहीतमध्य पद्धत शिकलो ती हीच. गृहीतमध्य अगदी सरासरीइतका असायची गरज नाही, तिच्या आसपास असला की झालं. म्हणून सरळ पहिलं रीडिंगच धरा. 50005 वजा केल्यावर उरतात 0, −3, −3, −6, −8. बेरीज −20, सरासरी −4, तिचा वर्ग 16. वर्गांची बेरीज 118, सरासरी 23.6. आणि 23.6 − 16 = 7.6. सूत्र तेच शॉर्टकटचं आहे, फक्त आकडे आता float ला पेलणारे आहेत.

```cpp
float k = x[0], s = 0, q = 0;
for (int i = 0; i < 5; i++) {
  float d = x[i] - k;
  s += d;
  q += d * d;
}
float v = q / 5 - (s / 5) * (s / 5);
```

यात मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. मी k एकदाच घेतला, काटा चालू केल्या केल्या. त्या वेळी काटा रिकामा होता, म्हणून k शून्याच्या जवळ आला. शून्य वजा करणं म्हणजे काहीच वजा न करणं, त्यामुळे कट्टा ठेवल्यावर पुन्हा तोच 256 चा खेळ. k त्या-त्या कट्ट्याच्या रीडिंगमधूनच घ्यायला हवा. वरच्या कोडमध्ये तो दर वेळी त्याच पाचांतला पहिला आहे, म्हणून अडचण येत नाही.

long वापरून पूर्णांकात करता येईल का, असं मनात येईल. उनोवर long ची मर्यादा 2147483647 आहे, आणि 50000 चा वर्गच तिच्या पलीकडे जातो, म्हणून तिथे आणखी भलताच आकडा दिसेल. ग्रॅम पूर्णांकात असतील तर int64_t मध्ये करा. रीडिंगचा वर्ग करण्याआधीच त्याला int64_t करून घ्या, नाहीतर गुणाकार long मध्येच होऊन बसतो. 5 × वर्गांची बेरीज वजा बेरजेचा वर्ग, हे अगदी अचूक येतं. शेवटी 25 ने भागायचं. आठ बिटांच्या उनोवर याला वेळ जास्त लागतो, पण सेकंदाला दहा रीडिंग असतील तर ते जाणवणारही नाही.

रीडिंग न साठवता शेकड्यांनी येत असतील, आणि सरासरी हळूहळू पहिल्या रीडिंगपासून लांब जात असेल, तर वेलफोर्डने 1962 मध्ये मांडलेली पद्धत घ्या. तिच्यात प्रत्येक नव्या रीडिंगला सरासरी थोडी दुरुस्त होते आणि फरकांच्या वर्गांची बेरीज थेट वाढत जाते, त्यामुळे दोन अवाढव्य आकड्यांची वजाबाकी कुठेच होत नाही. तुमच्या पाच रीडिंगना तिची गरज नाही.

धोका आहे की नाही हे आधीच ओळखता येतं. सरासरीला प्रमाण विचलनाने भागा आणि त्या भागाकाराचा वर्ग करा. त्या वर्गात जितके अंक, साधारण तितके अंक वजाबाकीत वाया जातात. आपलं प्रमाण विचलन 2.76 च्या आसपास आहे. 50001 ला त्याने भागलं की अठरा हजार, आणि त्याचा वर्ग तेहतीस कोटींच्या आसपास, म्हणजे नऊ अंक. float कडे आहेत सात. खेळ तिथेच संपला. कंप्युटरवरच्या double कडे साधारण सोळा अंक असतात, म्हणून तोच कोड लॅपटॉपवर चालवला तर 7.6 च्या अगदी जवळ येतो आणि आपल्याला वाटतं की उनोच बिघडलाय. पण double लाही हद्द आहे. 1970 पासूनचे सेकंद मोजणारी वेळ आज 170 कोटींच्या वर आहे. काही सेकंदांच्या अंतराने आलेल्या अशा वेळांचा व्हेरियन्स या शॉर्टकटने काढा, double सुद्धा तोंडघशी पडतो. एक्सेलमध्येसुद्धा 2003 च्या आधीच्या आवृत्त्यांत VAR आणि STDEV याच सूत्राने चालायचे आणि मोठ्या आकड्यांना चुकायचे. नंतर ते बदललं.

उत्तर ऋण आलं की त्याला 0 करून टाका, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो मुळीच घेऊ नका. −256 निदान ओरडून सांगतं की काहीतरी चुकलंय. 7.6 च्या जागी आलेला 0 गपगुमान बसतो, आणि तुमचा दिवा डुलत्या कट्ट्यावर लागतो.

वरचा कोड टाकल्यावर काट्यावर काही ठेवायच्या आधी ती पाच रीडिंग हाताने x मध्ये भरा, एकदा सुलट, एकदा उलट. दोन्ही वेळा सिरियल मॉनिटरवर 7.60 दिसलं पाहिजे.