ब्रेन डेड, दोन कायदे आणि एक सही

प्रश्न: "सासऱ्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, ब्रेन डेड आहेत, अवयवदान कराल का? आम्ही नाही म्हणालो, तर व्हेंटिलेटर चालूच राहिला आणि तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं. हो म्हणालो असतो तर त्याच दिवशी मृत ठरले असते. माणूस मेला की नाही हे आमच्या सहीवर कसं ठरतं? ते गेले नक्की कधी?"

ताई, मी पुण्यात बरीच वर्षं प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम केलं. आयसीयूच्या दाराबाहेर हा प्रश्न मला अनेक घरांनी विचारला आहे. सुरुवातीला मलाही नीट उत्तर देता येत नसे, कारण गोंधळ तुमच्या समजुतीत नाही, कायद्यातच आहे.

आधी डॉक्टर काय तपासतात ते सांगते. ब्रेन डेड म्हणजे ज्याचा ब्रेनस्टेम कायमचा बंद पडला आहे असा पेशंट. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा खाली पाठीच्या कण्याकडे उतरणारा बुंधा. श्वास घेण्याची आज्ञा तिथून येते. बाहुलीवर उजेड टाकणं, डोळ्याच्या बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात थंडगार पाणी, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहणं अशा तपासण्या होतात. त्याआधी गुंगीच्या औषधांचा अंमल नाही, अंग गार पडलेलं नाही, याची खात्री करावी लागते. तसं नसेल तर तपासणीला अर्थच राहत नाही.

शेवटची तपासणी श्वासाची. पेशंटला आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढतात आणि श्वासनळीत बारीक नळीने ऑक्सिजन चालू ठेवतात. छातीवरची चादर बाजूला केलेली असते. आठ-दहा मिनिटं सगळे फक्त छाती आणि पोटाकडे बघत उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. ब्रेनस्टेममध्ये थोडा जरी जीव असेल तर या वाढीने श्वासाची धडपड व्हायलाच हवी. रक्त तपासून त्याचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेल्याचं दिसलं आणि तरी छाती हलली नाही, तर चाचणी पूर्ण झाली. हे सगळं किमान सहा तासांनी पुन्हा करतात. एक सांगून ठेवते: अशा पेशंटचा पाय किंवा हात कधीकधी हलतो. ती हालचाल पाठीच्या कण्यातून येते, मेंदूतून नाही. घरच्यांना मात्र ती बघून वाटतं की बाबा आहेत. हे आधी समजावून न सांगितल्यामुळे कुटुंबाचा डॉक्टरांवरचा विश्वास पार उडालेला मी पाहिला आहे.

आता कायदा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा मृत्यूची व्याख्या करतो ती अशी: जिवंत जन्मानंतर केव्हाही जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं. त्यात मेंदूचा उल्लेख नाही. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने हेच शब्द उचलले आणि पुढे जोडलं, 'ब्रेनस्टेम मृत्यूमुळे किंवा हृदय-फुप्फुसांच्या अर्थाने'. माझ्या मते इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दडली आहे. कायद्याने दुसरा, वेगळा मृत्यू निर्माण केला नाही. त्याच एका मृत्यूला पोचण्याच्या दोन वाटा सांगितल्या.

पण ही व्याख्या 'या कायद्यापुरती' आहे. आणि कलम ३(६) म्हणतं की ब्रेनस्टेम मृत्यू झालेल्या माणसाचा अवयव काढायचा असेल, तर चार डॉक्टरांच्या मंडळाचं प्रमाणपत्र हवं. त्यात रुग्णालयाचे प्रमुख, एक बाहेरचे तज्ज्ञ, एक न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन आणि उपचार करणारे डॉक्टर. म्हणजे प्रमाणपत्राची सगळी यंत्रणा अवयव काढण्याला बांधलेली. अवयव काढायचे नसतील तर काय करायचं, यावर तो कायदा गप्प आहे. मग डॉक्टर म्हणतात, दान नाही तर आम्ही व्हेंटिलेटर कोणत्या आधारावर काढायचा? उद्या कुणी तक्रार केली तर? तुमच्याकडे तेच झालं. केरळ सरकारने २०२०मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ब्रेन डेथ ठरवणं दानापासून वेगळं केलं, ते या कोंडीमुळेच.

जपानने हा प्रश्न उघडपणे असाच सोडवला होता. १९९७च्या तिथल्या कायद्यात मेंदूमृत माणूस प्रत्यारोपणासाठी मृत धरला जाई, तोही त्याने स्वतः लेखी तयारी दाखवली असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तरच. तिथे ही तडजोड लांबलचक चर्चेनंतर, जाणूनबुजून झाली. आपल्याकडे ती कुणी ठरवली नाही, कलमांच्या रचनेतून आली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र जवळजवळ स्पष्ट बोलून ठेवलं आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या निकालात, ७ मार्च २०११ रोजी, न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्यापुढे हाही प्रश्न होता की त्या मृत म्हणायच्या का. न्यायालयाचा विचार असा की माणसाचे इतर अवयव बदलता येतात, मेंदू बदलला तर तो माणूसच राहत नाही. म्हणून मेंदू मेला की माणूस मेला, यंत्राने हृदय चालवलं तरी. अरुणाताई स्वतः श्वास घेत होत्या, त्यांचा ब्रेनस्टेम जिवंत होता, म्हणून त्या जिवंत. कोमा आणि ब्रेन डेथ यांत घोळ घालणाऱ्यांना मी हाच फरक सांगते. या तर्काने पाहिलं तर तुमच्या सासऱ्यांचा मृत्यू तुमच्या होकार-नकाराने बदलत नाही.

मग तुमची सही कशाची असती? ब्रेनस्टेम मृत्यूच्या प्रमाणपत्राचा नमुना १० असतो, त्यावर फक्त डॉक्टर सह्या करतात, घरच्यांसाठी जागाच नसते. तुमच्यापुढे आला असता तो नमुना ८, देहातले अवयव द्यायच्या संमतीचा. कायदा तिथे वारसाला देहाचा 'मालक' म्हणत नाही. 'देह कायदेशीररीत्या ज्याच्या ताब्यात आहे ती व्यक्ती' म्हणतो. विधिज्ञ देहाकडे कसे बघतात ते या शब्दांत दिसतं: घर किंवा शेत वारशाने येतं तसा देह येत नाही, अंत्यसंस्कार करण्याची जबाबदारी येते. म्हणून तो देता येतो, विकता येत नाही. विक्रीला पाच ते दहा वर्षांची कैद आहे. मृतालाही प्रतिष्ठा असते, हे परमानंद कटारा खटल्यात १९९५ साली न्यायालयाने मान्य केलं. फाशीनंतर देह अर्धा तास लटकत ठेवण्याच्या तुरुंगातल्या नियमावरून तो खटला होता.

तुम्ही नाही म्हणालात, तो तुमचा अधिकार होता आणि त्यात काही चुकलं नाही. तुमच्या नकाराने सासरे तीन दिवस जास्त जगले किंवा होकाराने लवकर गेले असते, असा हिशेब मनात धरू नका.

आता 'कधी गेले'. दान होतं तेव्हा प्रमाणपत्रावर दुसऱ्या तपासणीची वेळ मृत्यूची वेळ म्हणून येते, हृदय मात्र त्यानंतर काही तासांनी थिएटरमध्ये थांबतं. त्यामुळे कितीतरी घरांत श्राद्धाची तिथी कोणती धरायची यावर वाद होतो. एका काकूंनी मला विचारलं होतं, दुसरी तपासणी पहाटे झाली, हात दुपारपर्यंत गरम होता, मग कुठली वेळ? मी त्यांना दुसऱ्या तपासणीची सांगितली. तुमच्याकडे ते प्रमाणपत्र झालंच नाही, म्हणून नोंदणीला हृदय थांबलेली तारीख लागेल आणि विमा, बँक, पेन्शन सगळीकडे तीच चालेल. तिथी घरच्यांनी मिळून ठरवा. फाइलची प्रत मागून घ्या. दोन्ही तपासण्या झाल्या असतील तर त्यांच्या वेळा त्यात लिहिलेल्या असतील.