काय-स्क्वेअर: टक्के नकोत, डोकी मोजा

दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे काय-स्क्वेअर चाचणी तपासते. तिच्या तक्त्यात तू टक्के भरलेस, तिथेच गाडी अडली. या चाचणीला मोजलेली डोकीच लागतात.

टायटॅनिक घे. कर्मचारी धरून २२०१ जण, वाचले ७११. पहिल्या वर्गात ३२५ प्रवासी. वर्गाचा वाचण्याशी काहीच संबंध नसता, तर त्यांतले ३२५ × ७११ ÷ २२०१, म्हणजे साधारण १०५ वाचायला हवे होते. वाचले २०३! प्रत्येक चौकटीचा अपेक्षित आकडा असाच काढ; हिशेबात दशांश मात्र तसेच ठेव.

डिग्रीज ऑफ फ्रीडम: तीन वर्ग आणि कर्मचारी अशा चार ओळी, वाचले-बुडाले हे दोन स्तंभ. (४ − १) × (२ − १) = ३. बेरजांची ओळ आणि स्तंभही मोजलास तर ८ येतात (मीही हे केलंय).

आणि ‘पाचपेक्षा कमी नको’ हा नियम अपेक्षित आकड्यांना लागतो, मोजलेल्यांना नाही.